दाजींचे वळू आणि विंडोजचं जुनं फोल्डर

नात्यात कुणाचाही कम्प्युटर रुसला की फोन मला येतो. नांदेडच्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी तीस वर्षं कारकुनी केली, त्यातली निम्मी कम्प्युटरसमोर; एवढ्या भांडवलावर लातूरपासून देवणीपर्यंतच्या सोयऱ्यांनी मला इंजिनियर करून टाकलं. मीही ते कधी खोडून काढलं नाही. उमरीच्या एका लग्नात वरबापानं माझी ओळख करून दिली, "हे आले की कम्प्युटर उभा राहून नमस्कार करतो." मी नुसती मान हलवली. लग्नात सगळेच थोडं वाढवून बोलतात. आपण एकट्यानंच खरं बोलून मांडव कशाला पाडायचा?

तर या कीर्तीपायी मी माझ्या दाजींचे सगळे वळू एका दुपारी गायब केले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. जन्मभर जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते आणि आता लातुरात राहतात, म्हणजे अंगानं राहतात. मन सगळं देवणी तालुक्यात, गोठ्यागोठ्यांत. देवणी जातीच्या जनावरावर त्यांचा एवढा जीव, की माझ्या भाचीला बघायला पाहुणे आले तेव्हा पोराचं शिक्षण विचारायच्या आधी त्यांनी गोठ्यात काय आहे ते विचारलं होतं. पांढरंशुभ्र ते बालंक्या, तोंड काळं ते वानेरा, अंगावर काळे ठिपके ते शेवरा. हे मला झोपेतून उठवून विचारा, सांगतो, कारण मला झोपेतून उठवून ते शिकवलेलं आहे.

नोकरीत असल्यापासून दाजींनी एक वंशावळ लिहिली. कुण्या गावच्या कुणाच्या वळूचा बाप कोण, आजा कोण, कोणती गाय त्याला दाखवली, कालवड झाली की गोऱ्हा, पुढं तो विकला तर कुठल्या बाजारात आणि कुणाला. फटफटीवर फिरून, बांधावर बसून, म्हाताऱ्यांच्या आठवणी उकरून काढलेलं सगळं. मी म्हणायचो, "दाजी, आपल्या घराण्याचं तरी तीन पिढ्यांच्या वर सांगता येतं का तुम्हाला?" ते म्हणायचे, "माणसाचं चुकलं तर भांडण होतं, मेहुणे. जनावराचं चुकलं तर बापाला लेक दाखवली जाते. मग वासरं मरतुकडी होतात." त्यांच्यालेखी पापाची व्याख्या एवढीच.

या वंशावळीच्या आठ जाड वह्या होत्या. निवृत्त झाल्यावर दाजींनी एका बोटानं, चार वर्षं लावून, सगळ्या कम्प्युटरात उतरवल्या. उतरवून झाल्याचं त्यांनी जाहीर केलं त्याच वर्षी, घट बसायच्या आधी, अक्कानं वह्या रद्दीत घातल्या.

अक्काबद्दल सांगायला हवं. मास्तरीण होती. आमच्याकडं नवरात्राचे घट बसायच्या आधी घर काढतात, म्हणजे भांडी, गाद्या, पेट्या सगळं अंगणात आणून घर धुतात आणि जुनंपानं बाहेर काढतात. बाकीच्या बायका घर काढतात; अक्का घर उसवते. त्या पंधरवड्यात तिच्या घरात जो पाहुणा सकाळपासून एका जागी बसतो, तो संध्याकाळपर्यंत भंगारवाल्याच्या गाड्यावर दिसतो, असं आमच्यात बोलतात. वह्या गेल्यावर दाजी दोन दिवस जेवले नाहीत. अक्का म्हणाली, "कम्प्युटरात घातलंय म्हणलात ना? मग डबल कशाला ठेवायचं?"

म्हणून वंशावळ आता जगाच्या पाठीवर एकाच ठिकाणी होती. लातूरच्या त्या कम्प्युटरात.

पुढच्याच वर्षी, घट बसायला अजून पंधरा दिवस असतानाचा रविवार होता. दाजींचा फोन आला, "हे जुनी विंडोज जुनी विंडोज म्हणून रोज बोंबलून राहिलं. आता हिला कुणी विचारणार न्हाई म्हणतं. तुम्ही एकदा येऊन जावा." मी नांदेडात आमच्या उस्तादाकडून नवी विंडोज पेनड्राइव्हवर भरून घेतली. उस्ताद म्हणजे बसस्टँडामागं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारा माझ्याच वयाचा माणूस. बोलणं निम्मं दखनी, निम्मं मराठी, आणि दोन्हींत शिव्या. त्यानं मला बजावलं, "साब, पहिले डाटा बाहर काढून ठेवा. फिर डालो."

"हाव," म्हणालो मी. तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाच्या हावचा, म्हणजे होकाराचा, अर्थ ज्याला कळतो त्याला कळतो.

लातूरला पोचलो तेव्हा अक्कानं घर उपसायला काढलं होतं. मी आत खोलीत कम्प्युटरसमोर बसलो. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केली. पुढं पुढं करत गेलो तर तिनं विचारलं, विंडोज कुठं टाकू? मी जुनी होती तीच जागा दाखवली. तेवढ्यात एक चौकोन उघडला: इथं आधीच्या विंडोजच्या फाइली असू शकतात, असल्या तर त्या विंडोज डॉट ओल्ड नावाच्या फोल्डरात जातील, त्या उघडता येतील पण जुनी विंडोज परत वापरता येणार नाही. खाली ओके. आयुष्यात मी पंचवीस हजार कागदांवर न वाचता सही मारली असेल. याच्यावरही मारली.

तासाभरात नवी विंडोज आली. पडद्यावर मोठं निळं फूल. दाजी जेवून लवंडले होते, ते उठून आले आणि म्हणाले, "लई झकास! चष्म्याचा नंबर कमी झाल्यावानी दिसतंय." पडद्यावर त्यांचा एकही पिवळा फोल्डर नव्हता, हे मी पाहिलं. मनात पाल चुकचुकली. मी तिला म्हणालो, गप. फाइली कुठं जातात, असतील आतच. कागदपत्रं उघडायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकून दिलं, धपाटे खाल्ले आणि दुपारची एसटी पकडली. त्यानंतर पाल आठ दिवस गप्प होती.

नवव्या दिवशी सकाळी दाजींचा फोन. मी तेव्हा भाजी घेऊन घरी निघालो होतो, हातात वांग्यांची पिशवी.

"मेहुणे, माझे वळू कुठं हायत?"

"म्हणजे?"

"आठ दिवस मी देवणीकडं होतो. आज कम्प्युटर लावला. आत काहीच न्हाई. नुसतं फूल हाय."

"असेल दाजी, नीट बघा."

"अवो, बघून राहिलो की! डॉक्युमेंट उघडलं, रिकामं. सगळं रिकामं. घर धुतल्यावानी." मग म्हणाले, "पुढच्या आठवड्यात देवणीला गोपालकांची बैठक हाय. मी शब्द देऊन बसलोय. सगळ्यांच्या गाईंचं कूळ वाचून दाखवतो म्हणालोय. बारा गावची माणसं येणार हायत. एकेक जण गाय कोणत्या वळूकडं न्यायची ते मला विचारायला थांबलाय."

मी म्हणालो, "दाजी, काळजी करू नका. ते एका जुन्या फोल्डरात गेलं असेल. विंडोज डॉट ओल्ड. तुम्ही कशाला हात लावू नका, मी बघतो." हे म्हणताना माझ्या पायाखालचा सगळा नांदेड जिल्हा गोदावरीत सरकला होता, पण आवाजात मी डोंगर होतो.

मी तडक उस्तादाकडं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. माणूस शिवी द्यायच्या आधी हात मोकळे करतो तसा.

"साब, तुम क्या कर को बैठे! डाटा काढला नाही?"

"हाव म्हणालो होतो."

"फोल्डर तो रहेगा. लेकिन कायम नाही राहत. जुनीच्या वरूनच अपग्रेड केलं तर दहा दिवसांत विंडोज खुद उसको साफ करते. तुम्ही वेगळ्या तऱ्हेनं टाकली, कभी जादा दिन रहता. पण मी त्याच्यावर पैज नाही लावणार. आज कितवा दिवस?"

"आठ झाले, नववा."

"आणि डिस्क किती मोठी?"

"लहानच आहे."

"मग जुनी विंडोज, नवी विंडोज, दोन्ही एकाच खोलीत. जागा भरली की ते आपोआप झाडूपोछा चालू करतं. मशीन बंद ठेवायला सांगा. अभी."

मी फोन लावला. दाजींनी उचलला नाही. अक्कानं उचलला.

"बोल. त्यांना मी बाहेर पाठवलं, गोमूत्र आणायला. तोंड पाडून बसले होते."

"अक्का, कम्प्युटर चालू आहे का?"

"तेच करून राहिले. हे गेल्यावर म्हणलं आपण बघू, आपल्यालाबी वाचता येतं. तर कम्प्युटरचं पोट लाल झालंय. जागा न्हाई म्हणतंय. त्याच्यावर दाबलं तर मोठी यादी आली."

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. वांगी उस्तादाच्या दुकानभर.

"अक्का, कसली यादी?"

"टेम्पररी फाइल्स. एकेकापुढं डबी हाय टिक करायला. सगळ्यात मोठं धूड हाय, प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन. प्रीव्हियस म्हणजे आधीचं. कळतं मला. आता नवं टाकलंस तर जुनं कशाला सांभाळायचं? टिक केलं मी. वरती बटण हाय, रिमूव्ह फाइल्स—"

"अक्का! हात लावू नको!"

एवढ्या जोरात ओरडलो, की बसस्टँडावर निघालेली एक गाडी ड्रायव्हरनं ब्रेक मारून थांबवली, असं उस्ताद अजूनही सांगतो. मी आणखी ओरडलो, "बटण दाबू नको! मागची पिन काढ! भिंतीचं बटण बंद कर!"

पलीकडं धाडकन काहीतरी झालं. मग अक्काचा आवाज, "बंद केलं. एवढा कशाला केकाटतोस? हार्टाची माणसं हायत शेजारी."

"दाबलं होतंस का? रिमूव्ह?"

तीस वर्षं पोरांना "कळलं का" विचारणारी बाई पहिल्यांदा अडखळली.

"तू ओरडलास तेव्हा माझा हात त्याच्यावरच होता. दाबलं की न्हाई... मला नक्की नाही सांगता येत रे."

उस्तादानं फोन ऐकला होता. त्यानं एक एक वांगं उचलून पिशवीत घातलं आणि म्हणाला, "गया तो गया. वो रीसायकल बिन में नही जाता. बाहेरची डिस्क घेऊन जावा. चालू केल्यावर पहिले फोल्डर बघा, बाकी काही नाही. और मेरे को फोन करो."

नांदेडहून लातूर म्हणजे साडेतीन तास. त्या दिवशी ती गाडी साडेतीन युगं चालली. लोह्याला ड्रायव्हर चहा प्यायला उतरला. एवढा सावकाश चहा पिणारा माणूस मी आयुष्यात बघितला नाही. तो पहिला घोट घेतो तोवर शेजारच्या टपरीत एका पोराला मिसरूड फुटलं. अहमदपूरच्या अलीकडं वाटेत एक बैलगाडी आडवी. माझ्या शेजारचा माणूस खिडकीतून म्हणाला, "काय जोडी हाय बगा, देवणी दिसती." मला रडू यायचं बाकी होतं. एरवी हेच बैल बघून मी दाजींना फोन केला असता, बापाचं नाव विचारायला.

डोक्यात एकच चाललेलं. दाबलं असेल. नसेल. दाबलं असेल तर अक्कानं पिन काढेपर्यंत किती गेलं असेल? वानेरे गेले असतील, शेवरे राहिले असतील? मध्येच माझ्या मनातला जुना कारकून उठून म्हणाला, चूक अक्काच्या नावावर टाकता येईल. खरं सांगतो, चाकूरपर्यंत मी ते वाक्य मनात जुळवूनही ठेवलं होतं. चाकूरच्या स्टँडवर दाजींचा फोन आला. "कुठवर आलात? काही खाल्लं का?" ते वाक्य तिथंच खिडकीबाहेर पडलं.

लातूरच्या घरी अंगणात गाद्या, डबे, पितळी घागरी आणि त्यांच्या मधोमध खुर्चीवर दाजी. कपाळावर सकाळची विभूती तशीच, दाढी वाढलेली. अक्का दारात उभी होती. मला बघून ती एरवी काहीतरी टोमणा मारते. त्या दिवशी नुसतं म्हणाली, "ये."

दाजी उठले. "चला. जे असेल ते बघू."

"दाजी, आधी एक ऐका. चूक माझी आहे. मला विचारलं होतं कम्प्युटरनं, मी वाचलं नाही."

"आता वाचा," दाजी म्हणाले.

मी मागची पिन लावली. मशीन चालू झाली. निळं फूल आलं. त्या फुलाचा मला एवढा राग आला, की त्या दिवसापासून मी देवाला निळं फूल वाहिलं नाही. कम्प्युटर उघडला, सी ड्राइव्ह उघडली. पट्टी लालच होती. खाली एकेक फोल्डर: प्रोग्राम फाइल्स, यूजर्स, विंडोज.

विंडोजच्या खाली, विंडोज डॉट ओल्ड.

"आहे!" मी ओरडलो. अक्कानं खुर्चीची पाठ घट्ट धरली होती, ती सोडली. म्हणजे टिक केली होती पण बटण दाबलं नव्हतं. ती बाहेर गेली आणि तिथून घागरी आपटायचा आवाज यायला लागला. ती रडत असली की भांडी आपटते.

मी फोल्डर उघडला. आत आणखी एक यूजर्स, त्यात दाजींच्या नावाचा फोल्डर. त्याच्यावर दाबलं तर पाटी आली: तुम्हाला हे फोल्डर उघडायची परवानगी नाही.

दाजी वाकून बघत होते. "कुणाला परवानगी न्हाई? मला? माझ्याच घरात?"

"खाली कंटिन्यू आहे दाजी. ते विचारतं नुसतं. मी या मशीनचा कारभारी आहे ना." कंटिन्यू दाबलं. हिरवी पट्टी रांगत रांगत गेली आणि दार उघडलं. डेस्कटॉप, डाउनलोड्स, पिक्चर्स. पिक्चर्समध्ये वळूंचे फोटो सापडले, पाठीवर हात ठेवून उभे असलेले दाजी. मी डॉक्युमेंट्स उघडलं.

आत विजेची दोन बिलं आणि अक्काचा पेन्शनचा फॉर्म.

एवढंच. वंशावळ नाही.

दाजी हळूच खुर्चीवर बसले. "न्हाई ना?"

"दाजी, तुम्ही फाइल ठेवायचात कुठं? आठवा."

"ते मराठी टायपायचं जुनं सॉफ्टवेअर व्हतं बगा, त्याच्यातच लिवायचो. मग सेव्ह म्हणायचं. ते म्हणंल तिथं ठेवायचं. आपण कशाला त्याला जागा शिकवायची?"

मी उस्तादाला फोन लावला, स्पीकरवर ठेवला. ते सॉफ्टवेअर किती जुनं, दाजींनी सांगितलं. एका सोयऱ्यानं सीडीवर दिलेलं. त्या सोयऱ्यालाही जाऊन सहा वर्षं झाली होती.

उस्ताद म्हणाला, "पुराने जमाने का प्रोग्राम. तो म्हणतो मी माझ्या घरातच फाइल ठेवणार, प्रोग्राम फाइल्समध्ये. विंडोज बोलते, वहाँ नक्को, तिथं मी कुणाला लिहू देत नाही. फिर झगडा टाळायला विंडोज चुपचाप दुसरीकडं ठेवते. प्रोग्रामला कळत नाही, मालकाला कळत नाही."

"दुसरीकडं म्हणजे कुठं?" दाजी खुर्चीच्या टोकावर आले होते.

"साब, वर व्ह्यू मध्ये जावा. शो. हिडन आयटम्सवर टिक करा."

मी टिक केली. दाजींच्या फोल्डरात एक नवीन फोल्डर फिकट रंगात उगवला, ॲपडाटा. आत लोकल. लोकलमध्ये खाली, खूप खाली, व्हर्च्युअलस्टोअर. त्यात परत एक प्रोग्राम फाइल्स, त्यात त्या सॉफ्टवेअरचं नाव. एकात एक, एकात एक. आमच्या एका आत्यानं दागिने असेच लपवले होते, पेटीत डबा, डब्यात बटवा, आणि मरताना सांगायचं विसरली.

शेवटचं दार उघडलं. आत तीन फाइली. इंग्रजी अक्षरांत नावं: देवणी. देवणी नवा. देवणी नवा खरा.

दाजींनी माझा खांदा धरला. खांद्यावर पाच बोटांचे वळ आठवडाभर होते, बायकोनं तेल लावलं.

"उस्ताद, सापडले!"

"उघडू नका अभी. पहिले कॉपी करा. कट नाही, कॉपी. बाहेरच्या डिस्कवर. मग दाजींच्या नवीन डॉक्युमेंट्समध्ये. कॉपी झाल्यावर उघडा."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्याचं तंतोतंत ऐकलं. कॉपी केली, मोजून तीनही फाइली दोन ठिकाणी आल्या. मग तारीख बघून सगळ्यात ताजी, देवणी नवा खरा, उघडली.

पडद्यावर कंस, टिंबं, इंग्रजी अक्षरं, प्रश्नचिन्हं. एखाद्या वळूनं कीबोर्डवर बसकण मारल्यासारखं पान. पान तसं, पुढचं पान तसं. चारशे पानं तशी.

दाजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत बघितलं. अक्का आत आली होती. ती पडद्याकडं बघून म्हणाली, "हे काय कानडी हाय का?"

"उस्ताद, सगळं किडलंय," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"किडलं नाही साब. फॉन्ट नाही. त्या सॉफ्टवेअरचा फॉन्ट नव्या विंडोजला माहीत नाही. आत अक्षरं सलामत आहेत, फक्त कपडे नाहीत. परत ओल्डमध्ये जावा. पण आता यूजर्स नाही, प्रोग्राम फाइल्समध्ये. जिथं त्याचं खरं घर होतं तिथं. फॉन्ट नावाचा डबा बघा."

प्रोग्राम फाइल्स दोन होत्या, एक साधी आणि एक कंसात एक्स शहाऐंशी लिहिलेली. साधीत नव्हतं. दुसरीत होतं. सॉफ्टवेअरच्या फोल्डरात फॉन्ट्स, आत चाळीसेक फाइली. सगळ्या बाहेर कॉपी केल्या, सगळ्या निवडल्या, उजवं बटण, इन्स्टॉल. एकेक फॉन्ट आत जाताना पडद्यावर छोटी पट्टी पुढं सरकायची, आणि प्रत्येक वेळी दाजी बैल हाकल्यावानी "चल, चल" म्हणायचे. मी मोजलं नाही, पण चाळीस वेळा झालं असणार.

मग देवणी नवा खरा बंद केली. परत उघडली.

पहिल्या ओळीवर मराठी. "ॐ नमः शिवाय" आणि खाली, "वळू क्रमांक एक, वानेरा, जन्म पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मालकानं सांगितल्याप्रमाणे."

दाजींनी वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं, शाळेत धडा वाचतात तसं. पहिला वळू, त्याचा बाप, त्याचा आजा. दुसरा. अक्का दाराला टेकून ऐकत राहिली. तिच्या हातातली घागर तशीच कमरेवर. कुणीच त्यांना थांबवलं नाही. तिसाव्या वळूवर ते मध्येच थांबले.

"हे चुकलंय."

"काय चुकलं?" मी विचारलं.

"अवो ह्याचा बाप शेवरा न्हाई, वानेरा हाय. मीच चुकीचं टायपलंय. ह्याच्या पोरीला उद्या कुणी ह्याच रक्ताचा वळू दाखवला असता!" आणि ते एवढ्या जोरात हसले, की अंगणातल्या पितळी घागरींनी उत्तर दिलं. सकाळपासून पहिल्यांदा. "सरका मेहुणे. मला बसू द्या."

मी उठलो. त्यांनी एक बोट पुढं काढलं आणि टकटक सुरू केली. तेवढ्यात त्यांना आठवलं की परवा देवणीच्या फेरीत एका गाईला गोऱ्हा झालेला बघून आलोय, तो अजून कुठंच लिहिलेला नाही. मग तो लिहिला. मग त्याची आई. मग त्याच्या आईच्या आईबद्दल एका म्हाताऱ्यानं सांगितलेली गोष्ट. अक्का म्हणाली, "आता जेवायला उठता का?" ते म्हणाले, "हा एवढा गोऱ्हा दावणीला लावतो, मग उठतो."

दावणीला लावून झाला. त्यांनी सेव्ह दाबलं, एक चौकोन उघडला आणि ते तिथंच थांबले. मागं वळून माझ्याकडं बघितलं. अक्काकडं बघितलं.

"आता हे विचारतंय, काय सांगायचं ह्याला? कुठं ठेव म्हणायचं?"

आम्ही तिघं पडद्यासमोर वाकलो आणि त्या चौकोनात काय लिहिलंय ते शब्द न शब्द वाचायला लागलो.